काट्यावरचं वजन आणि अंगावरचं मांस

किमोच्या केसपेपरवर दर वेळी वजन लिहितात, पण आजारापूर्वीचं वजन कुठेच नसतं, ही माझी जुनी तक्रार आहे. त्यावरच आज थोडा जास्त वेळ घेणार आहे.

अंडाशयाचा कर्करोग असलेल्या 58 वर्षांच्या एक बाई. तीन किमो झाल्या, प्रत्येक वेळी वजन 57 किलो, आणि कागदावर शेरा ‘वजन स्थिर’. मी त्यांच्या सुनेला विचारलं, "आजारापूर्वी किती होतं?" ती म्हणाली, "साठ. पण डॉक्टर, आईंच्या बांगड्या आता कोपरापर्यंत जातात, आणि परकराची नाडी मात्र पुरत नाही!" निदान त्या सुनेनंच केलं होतं. पोटात पाणी झालं होतं. ते चार लिटर काढल्यावर वजन भरलं 53. म्हणजे सहा महिन्यांत साठातले सात किलो, जवळजवळ 12 टक्के गेले होते. पाच टक्क्यांच्या वर घट झाली, ती निव्वळ उपासमारीची नसली, की कॅकेक्सिया, म्हणजे आजारामुळे होणारी स्नायूंची झीज, धरायचा. पाणी मोजणाऱ्या काट्याला ती दिसलीच नव्हती. म्हणून दंडाचा घेर मोजा, मुठीची ताकद बघा, पावलं सुजली आहेत का ते दाबून पाहा. स्थूल माणसातही स्नायू असेच झडतात, तिथे तर कुणाला शंकाही येत नाही.

घरचे विचारतात, "अल्ब्युमिनची बाटली लावू का?" अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन इथे मुख्यतः शरीरातल्या दाहामुळे उतरतं. ती बाटली म्हणजे जेवण नव्हे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उद्दिष्टांचं भरभर सांगतो. आधी खाणं अडतं कशानं ते शोधा. या बाईंना मळमळ होती आणि चार दिवस शौचाला झालं नव्हतं. त्यावर औषध दिल्याशिवाय आहाराचा तक्ता हातात देऊन उपयोग नव्हता. त्या दिवसाला जेमतेम 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं खात होत्या. 53 किलोला हवीत 1,300 ते 1,600 कॅलरी आणि किमान 53 ग्रॅम प्रथिनं. तिथे एका उडीत पोचता येत नाही. पुढच्या किमोपर्यंत आम्ही 1,100 आणि 45 एवढंच ठरवलं: नेहमीच्या खाण्यात पूर्ण उकडलेली दोन अंडी, कपभर दूध, मूठभर दाण्यांचा कूट, सगळं थोडं थोडं, सहा वेळा. पोट लवकर भरतं म्हणून जेवताना पाणी कमी.

साठ किलो परत येतील असं आम्ही सांगितलं नाही. गाठीमुळे दाह चालू असताना नुसत्या खाण्यानं स्नायू भरत नाहीत. घसरण थांबवणं आणि न्हाणीघरापर्यंत आपल्या पायांनी जाणं, हे उद्दिष्ट. ज्यांचा आजार उपचारांना दाद देत नाही, जे अंथरुणातून उठत नाहीत, त्यांच्या बाबतीत कॅलरी मोजणं बंद करा, नळी आणि आग्रहही नको. मागतील ते द्या.

तीन आठवड्यांनी त्यांचं वजन, पाणी काढून, पुन्हा 53च होतं. दंडाचा घेरही तेवढाच. सुनेला वाटलं, काहीच फरक नाही. आम्ही तो शेरा लाल पेनानं अधोरेखित केला, कारण या वेळी ‘स्थिर’ हा शब्द खरा होता.