लॉगमधला स्पीड किती खरा?

नमस्कार मंडळी. आजचा विषय नाशिकमधल्या गाडीमालकांचा आणि ड्रायव्हर भावांचा, पिंपळगाव बसवंतहून द्राक्षं नाहीतर टोमॅटो भरून आग्रा रोडने निघणाऱ्यांचा तर खासच. गाडीत जीपीएस असतो, महिनाअखेरीला ऑफिसात एक शीट येते, त्यात लाल रंगात ओव्हरस्पीड लिहिलेलं असतं, आणि मग मालक म्हणतो तू पळवलीस, ड्रायव्हर म्हणतो शेठ देवाशप्पथ नाही. भांडण लागतं, पण शीटमधला आकडा आला कुठून हे दोघंही बघत नाहीत, तर तेच आज बघू.

लॉगच्या प्रत्येक ओळीत मुख्य गोष्टी तीनच, वेळ, अक्षांश आणि रेखांश. एक ओळ घ्या दुपारी 2 वाजून 20 मिनिटांची, अक्षांश 20.1200, रेखांश 73.9500. पुढची ओळ बरोबर 30 सेकंदांनी, 20.1150 आणि 73.9450. म्हणजे गाडी नैऋत्येकडे, नाशिकच्या दिशेने सरकली, दोन्ही आकडे 0.0050 ने कमी झाले. आपल्याकडे एक अंश अक्षांश म्हणजे साधारण 110.7 किलोमीटर, त्यामुळे दक्षिणेकडे सरकली 553 मीटर. रेखांशाच्या रेषा मात्र उत्तरेकडे जाताना जवळजवळ येत जातात, म्हणून नाशिकच्या पट्ट्यात एक अंश रेखांश भरतो 104.5 किलोमीटरच, म्हणजे पश्चिमेकडे 523 मीटर. आता शाळेतला पायथागोरस काढा, दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, उत्तर आलं सुमारे 761 मीटर. 30 ने भागलं की सेकंदाला 25.4 मीटर, 3.6 ने गुणलं की ताशी 91 किलोमीटर. झालं, एवढंच गणित, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

आता गंमत ऐका. हे 761 मीटर सरळ रेषेतलं अंतर आहे, रस्ता त्यापेक्षा लांब असू शकतो, आखूड कधीच नाही. आणि 91 हा त्या अर्ध्या मिनिटाचा ॲव्हरेज आहे, म्हणजे कुठल्यातरी क्षणी गाडी 91 ला होती किंवा त्याच्यावर होती, नाहीतर ॲव्हरेज 91 येणारच नाही. फक्त जीपीएसची चूक वजा करायची, मोकळ्या आभाळाखाली एक पॉईंट साधारण 5 मीटर इकडेतिकडे धरा, दोन्ही पॉईंट उलट्या बाजूंना चुकले तर 10 मीटर, 30 सेकंदात 10 मीटर म्हणजे जेमतेम ताशी 1.2. तरी 90 उरतात. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेत मालवाहू गाडीला दुभाजकवाल्या चौपदरी रस्त्यावर कमाल 80 आहेत, बोर्डावर त्याहून कमी असेल तर बोर्डच खरा. त्यामुळे इथे ड्रायव्हरची बाजू घ्यायला मला जागा नाही, वेळ आणि जागा बरोबर नोंदली असेल तर ही गाडी पळालेलीच आहे.

पण याच्या उलटं म्हणता येत नाही बरं का. कमी आकडा आला म्हणजे गाडी हळू होती असं अजिबात नाही. समजा पॉईंट दर 5 मिनिटांनी पडतो, गाडी टोलनाक्याच्या लाईनीत 2 मिनिटं उभी राहिली आणि उरलेली 3 मिनिटं 95 ने दामटली, तर अंतर झालं पावणेपाच किलोमीटर आणि शीट दाखवणार 57, एकदम शहाणी गाडी! कसारा घाटात तसंच, मिनिटाभरात वळणावळणाने 900 मीटर रस्ता कापला पण दोन टोकांमधलं सरळ अंतर 600 मीटर, तर गाडी 54 ने उतरलेली असताना शीट म्हणते 36. घाटात गाडी मर्यादेत होती असं नुसत्या दूरदूरच्या पॉईंटांवरून छातीठोक सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही.

मग लोक म्हणतात पॉईंट दर सेकंदाला घेऊ, प्रश्नच मिटला. नाही मिटत. तीच 10 मीटरची चूक आता एका सेकंदात पडते आणि एका सेकंदात 10 मीटर म्हणजे ताशी 36, त्यामुळे 65 ने चाललेली गाडी क्षणभर 101 दिसू शकते. हे ओळखायचं कसं, तर शेजारच्या ओळी बघायच्या, भरलेला ट्रक एका सेकंदात 65 वरून 101 वर जाऊन पुढच्या सेकंदाला परत 65 वर येत नाही, तेवढं इंजिनही नाही आणि तेवढे ब्रेकही नाहीत. म्हणून सेकंदाचे पॉईंट असले तरी स्पीड 10 ते 30 सेकंदांच्या तुकड्यावर काढा, आणि लागोपाठ दोनतीन तुकडे वर असतील तरच लाल करा.

आता सगळ्यात जास्त भांडणं लावणारी गोष्ट, वेळ. लॉगमध्ये बऱ्याचदा दोन वेळा असतात, एक डिव्हाइसने जागा नोंदली ती वेळ आणि दुसरी सर्व्हरला डेटा मिळाला ती. हिशोब पहिलीवरच करायचा. घाटात रेंज गेली की डिव्हाइस पॉईंट साठवतं, रेंज आली की सगळे एकदम पाठवतं, आणि शीट सर्व्हरच्या वेळेवर बनवलेली असेल तर 760 मीटर एका सेकंदात, म्हणजे ताशी सत्तावीसशेच्या वर, हे तर कुणीही हसून सोडून देईल. धोका छोट्या उशिराचा. 30 सेकंदांचा पॉईंट 10 सेकंद उशिरा पोचला तर आधीचा तुकडा 40 सेकंदांचा दिसतो आणि पुढचा 20 चा, गाडी सरळ 65 ने चाललीये पण शीटमध्ये आधी 49 आणि लगेच 97. हा 97 अगदी खरा वाटतो आणि यावरच पगार कापला जातो! खूण एकच, जास्त आकड्याच्या लगेच आधी तसाच कमी आकडा, आणि दोन्ही तुकड्यांचं एकूण अंतर एकूण वेळेने भागलं की परत 65. ड्रायव्हर भावांनो, शीट समोर ठेवली तर वरची ओळ पण दाखवा म्हणायचं.

बऱ्याच डिव्हाइसमध्ये स्पीडचा वेगळा कॉलम असतो, तो दोन पॉईंटांवरून काढलेला नसतो, सॅटेलाइटच्या सिग्नलची फ्रीक्वेन्सी गाडीच्या चालीमुळे किती सरकली त्यावरून रिसिव्हर तो थेट मोजतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर तो जास्त भरवशाचा. फक्त तो त्या एका क्षणाचा असतो, मधल्या वेळेचं काही सांगत नाही. आणि कच्च्या डेटात तो नॉट्समध्ये असू शकतो, तेव्हा 1.852 ने गुणायचं, 50 लिहिलेलं असेल तर गाडी 92.6 ला आहे. हा कॉलम आणि आपला हिशोब दोन्ही नव्वदीत असतील तर विषय संपला.

राहता राहिला आपला शहरातला उड्डाणपूल. वरून चाललेली गाडी आणि खालच्या सर्व्हिस रोडवरची गाडी, नकाशावर दोघी जवळपास एकाच रेषेत. खाली आभाळ झाकलेलं, सिग्नल काँक्रीटवर आपटून येतो, पॉईंट आणखी उडतात, आणि जीपीएसच्या उंचीत तर आडव्या अंतरापेक्षाही जास्त चूक असते. महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर ट्रकला 60, वरच्या हायवेची मर्यादा वेगळी, मग 68 आला तर तो कुठल्या रस्त्यावरचा? गाडी पुलावर कुठे चढली आणि कुठे उतरली ते मागच्यापुढच्या मोकळ्या पॉईंटांवरून कळत असेल तर ठरवा, नाहीतर ती ओळ लालही करू नका आणि हिरवीही करू नका, कोरी सोडा.