एकदा पुसलं की पुसलं, पण कुठे?

जुन्या फाइलवर त्याच नावाची नवी फाइल कॉपी केली, ‘रिप्लेस’ म्हटलं, आता जुनी परत मिळेल का? हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारतात. मी उलट विचारतो, नवी नेमकी कुठे लिहिली गेली?

समजा, दुकानातल्या मालाची यादी ४० केबीची साधी सीएसव्ही फाइल आहे. हार्ड डिस्कवर ४ केबीचे एक असे तिने १० कप्पे अडवलेत. नवी यादी २४ केबीची, म्हणजे ६ कप्पे. ती जुन्याच जागी बसली तर पहिले ६ कप्पे गेले. उरलेले ४ मात्र तसेच पडून असतात आणि यादीचा शेवटचा भाग सरळ वाचता येतो. कित्येक प्रोग्राम तर आधी नवी फाइल दुसरीकडे लिहितात आणि मग नाव बदलतात. तेव्हा दहाच्या दहा कप्पे शाबूत राहतात, दुसरं काही त्यांवर येईपर्यंत. म्हणून अशा वेळी त्या डिस्कवर काहीही लिहू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा तिथे टाकू नका. लोक हमखास टाकतात.

आणि ते गेलेले ६ कप्पे? ते गेलेच. मजकूर पुरता घालवायला डिस्क ३५ वेळा पुसावी लागते, ही दंतकथा संगणक सुरक्षेचे संशोधक पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधातून आली. त्यात पुसताना लिहायला दिलेले बरेचसे पॅटर्न त्या काळच्या ड्राइव्हमधल्या वेगवेगळ्या एन्कोडिंगसाठी होते. सगळे ३५ एकाच डिस्कवर चालवायचे नव्हतेच, हे पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं. एकदा पुसलेल्या डिस्कवरचा जुना मजकूर वाचता येतो का, हे २००८ मध्ये क्रेग राइट या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पाहिलं. त्यांच्या हिशेबात आधुनिक डिस्कवर एक बिट बरोबर ओळखण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के होती. नाणं उडवलं तरी ५० मिळतात. आठ बिट, म्हणजे एक अक्षर, सलग बरोबर यायचं तर ०.५६ चा आठवा घात, जेमतेम १ टक्का. पूर्ण ओळीचा विचारच सोडा.

म्हणून हार्ड डिस्क विकताना एक फेरी पुरे, लिनक्सवर ती अशी:

```
sudo dd if=/dev/zero of=/dev/sdb bs=1M
sudo cmp /dev/sdb /dev/zero
```

`sdb` च्या जागी चुकून दुसरी डिस्क लिहाल तर तीच पुसली जाईल, `lsblk` बघूनच पुढे जा. दुसऱ्या आज्ञेने `EOF on /dev/sdb` म्हटलं की दिसणारी डिस्क शून्यांनी भरली. खराब झाल्यामुळे ड्राइव्हने आधीच बाजूला काढलेले सेक्टर मात्र या दोन्ही आज्ञांना दिसत नाहीत.

एसएसडीत गोष्टच निराळी. तिथे कंट्रोलर नवा मजकूर जुन्या सेलवर लिहीतच नाही, दुसऱ्या रिकाम्या पानावर लिहितो. त्यामुळे एकच फाइल दहा वेळा पुसली तरी तिचं जुनं पान चिपमध्ये तसंच राहू शकतं. तिथे फेऱ्या मोजत बसू नका, ड्राइव्हची स्वतःची सॅनिटाइझ आज्ञा वापरा.