शनी, राहू आणि सव्वीस मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरच्या रामबागेतल्या घरी रविवारी सकाळी माझ्याकडे थोडी माणसं येतात. मी धंद्याने ज्योतिषी नाही. आयुष्य बँकेत गेलं आणि पत्रिकांचा नाद मात्र तरुणपणापासून लागला. येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा प्रश्न एकच असतो: "काका, दर वेळी जुळतं आणि मोडतं, यामागे शनी आहे का? की राहू?"

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी आईबरोबर आली होती. तिची ओळख कळणार नाही इतपत तपशील बदलून, तिच्या परवानगीने सांगतो. जन्म इंदूरचा, 1991 च्या जानेवारीतला, संक्रांतीनंतरच्या आठवड्यातला. 2013 ते 2019 या काळात तीन नाती मोडली होती. सोबत हाताने मांडलेली जुनी पत्रिका. कर्क लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास कर्क, आणि सप्तमात, म्हणजे जोडीदाराच्या घरात, मकर राशीत शनी आणि राहू शेजारी शेजारी. शिवाय रवी आणि शुक्रही तिथेच, समोर लग्नात गुरू आणि केतू. ही पत्रिका पाहिली की कोणाच्याही तोंडून चटकन निघेल, "अरे बापरे!" तिच्यासमोर ते बऱ्याच जणांच्या तोंडून निघालं होतं. दोनदा शांतही करून झाली होती.

मी आधी जन्मवेळ विचारली. आईच्या पर्समध्ये दवाखान्याची चिठ्ठी होती, वेळ संध्याकाळी 5 वाजून 20 मिनिटं. पत्रिकेच्या कडेलाही तीच वेळ लिहिली होती. मी पुन्हा गणित केलं तर लग्न कर्क येईना, मिथुन आलं. मिथुनेचा अगदी शेवटचा भाग.

घोळ कुठे झाला ते सांगतो, कारण जुन्या हस्तलिखित पत्रिकांमध्ये मी हा घोळ बरेचदा पाहिला आहे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची वेळ दाखवतं. इंदूर आहे 75 अंश 52 कलांवर. मधल्या अंतराला दर अंशामागे चार मिनिटं धरली तर साडेसव्वीस मिनिटं होतात. म्हणजे घड्याळात 5:20 असताना इंदूरची स्थानिक वेळ असते 4:53 च्या आसपास. ज्यांनी पत्रिका मांडली त्यांनी ही वजाबाकी केलीच नाही, 5:20 हीच स्थानिक वेळ धरली. त्या दिवसांत इथे कर्क लग्न सुरू व्हायलाच साधारण साडेपाच वाजून जातात, म्हणून एवढ्याशा चुकीने लग्न पुढच्या राशीत सरकलं. गंमत अशी की जुन्या सिद्धांतग्रंथांत मध्यरेषा उज्जैनवरून धरलेली आहे आणि उज्जैन आपल्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. त्या हिशोबाने इंदूरकराला ही वजाबाकी जवळजवळ करावीच लागली नसती.

मिथुन लग्न धरलं की शनी-राहू सप्तमातून उठून अष्टमात जातात. म्हणजे ज्याच्यावर तीन नात्यांचं खापर फोडलं होतं ते सप्तमातलं युतीप्रकरण मुळात नव्हतंच. आईच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसला. मी म्हटलं, "वहिनी, थांबा जरा."

कारण मिथुन लग्नाचं सप्तम होतं धनू, आणि धनूचा स्वामी गुरू. गुरू बसलाय कर्केत, त्याच्याबरोबर केतू, आणि बरोबर समोर मकरेत शनी-राहू. शनीची सातवी दृष्टी थेट गुरूवर. विवाहकारक शुक्र तर शनी-राहूंच्याच राशीत. म्हणजे चुकीच्या पत्रिकेतून जो निष्कर्ष निघाला होता तोच बरोबर पत्रिकेतूनही निघाला, नुसती वाट बदलली.

माझं मन तिथेच अडकलं. लग्न चुकलं तरी उत्तर तेच येत असेल, तर आपण पत्रिका वाचतोय की मुलीची कहाणी ऐकून ती पत्रिकेत शोधतोय?

याचा हिशोब घरी बसून करता येतो. शनीच्या दृष्ट्या तीन: तो बसलाय त्या घरापासून मोजलेल्या तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या घरावर. मग शनी कुठे असला की सप्तमाशी संबंध येतो? सप्तमातच असला, लग्नी असला, पंचमात असला किंवा दशमात असला. बारांपैकी चार घरं. म्हणजे साधारण दर तिसऱ्या माणसाच्या पत्रिकेत सप्तमावर शनी असतोच, आणि त्यात माझे सुखाने नांदणारे शेजारीही आले. पण आपण तेवढ्यावर कुठे थांबतो? सप्तम मोकळं निघालं तर सप्तमेश, म्हणजे सप्तमाचा स्वामी, बघतो. तोही मोकळा असला तर शुक्र बघतो. तीन ठिकाणं तपासून एकावर तरी शनी सापडण्याचा ढोबळ संभव दहांत सात इतका होतो. त्यात राहू-केतूंची भर घातली तर कोरी पत्रिका मिळणंच कठीण. नाती मोडलेल्या माणसाच्या पत्रिकेत शनी सापडला याचं आश्चर्य वाटायला नको, कारण तो न मोडलेल्यांच्या पत्रिकेतही तितकाच सापडतो.

म्हणून मी पत्रिका मिटली आणि मुलीला कोरा कागद दिला. म्हटलं, नातं कधी जुळलं, कधी मोडलं आणि कसं मोडलं, एवढंच लिही.

'कसं' या प्रश्नाला परंपरेत खरंच जागा आहे. शनीचं मोडणं रेंगाळत होतं असं मानतात: जबाबदाऱ्या, वडीलधाऱ्यांचा नकार, वर्ष वर्ष पुढे ढकलणं. राहूचं मोडणं म्हणजे काहीतरी लपवलेलं उघडं पडणं. आणि केतूच्या मोडण्यात भांडण नसतं, एक दिवस मनच उठून जातं.

तिने लिहिलं. 2013 मध्ये मुलाचं दुसरीकडे जुळलेलं होतं हे बाहेरून कळलं. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये, दोन वर्षं रेंगाळून, मुलाच्या घरच्यांनी नाही म्हटलं. 2019 मध्ये साखरपुड्याची तारीख काढायच्या वेळी तिलाच काही वाटेनासं झालं होतं. म्हणजे परंपरेच्याच भाषेत एक राहूचं, एक शनीचं आणि एक केतूचं. घरात मात्र तिन्हींना एकच नाव पडलं होतं, 'हिचं नेहमी असंच होतं'.

आता काळ. तिची बुधाची महादशा, म्हणजे बुधाच्या अमलाखालचा मोठा कालखंड, 2009 पासून चालू होती. त्यातला छोटा टप्पा, म्हणजे अंतर्दशा, 2013 ला शुक्राची, 2016 च्या अखेरीस चंद्राची, 2019 ला राहूची. राहू लागला तो एकदाच, आणि तोही नेमका त्या वेळी जेव्हा लपवाछपवीचा काही संबंध नव्हता.

गोचर, म्हणजे त्या त्या वेळी आकाशात ग्रह कुठे होते ते, पाहिलं तेव्हा मात्र क्षणभर मीही सरसावून बसलो. 2013 मध्ये शनी तुळेत होता, तिथून त्याची तिसरी दृष्टी धनूवर, म्हणजे तिच्या सप्तमावर. 2019 मध्ये तर शनी धनूतच. तिनांपैकी दोन लागले! एरवी मी इथेच टेबलावर हात मारून "बघा!" म्हटलं असतं. पूर्वी म्हणतही असे.

त्या दिवशी मी उलटीकडून मोजलं. शनी तुळेत आला 2011 च्या नोव्हेंबरात आणि धनूतून निघाला 2020 च्या जानेवारीत. मधली वृश्चिकेची वर्षं आणि वक्री होऊन मागे गेलेले महिने वजा केले तर सव्वाआठ वर्षांपैकी साधारण साडेपाच वर्षं तिच्या सप्तमावर शनी होताच. म्हणजे त्या काळातले कोणतेही तीन दिवस डोळे मिटून उचलले असते तरी सरासरीने दोन शनीखालीच पडले असते. आणि त्या साडेपाच वर्षांत नाती जुळलीही होती, फिरणंही झालं होतं, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत मैत्रिणींबरोबर रात्री उशिरापर्यंत हसणंही झालं होतं. ते महिने कोणी पत्रिकेवर मांडत नाही, कारण त्यांच्याबद्दल विचारायला कोणी येतच नाही.

पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली होती, ती इथे आठवते. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना ओळखायला दिल्या होत्या, प्रत्येकी चाळीस. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवून पन्नासच्या आसपास आली असती. आमच्यातले काही जण अजून त्या चाचणीवर चिडतात. मला ती टोचते, पण खोटी म्हणता येत नाही.

मुलीने कागद परत मागितला. आतापर्यंत तिने मोडल्याच्या तारखा नीट लिहिल्या होत्या, जुळल्याच्या मात्र नुसती वर्षं. तिथे तिने महिने घातले आणि शेजारी आपणहून आणखी एक रकाना आखला: त्या वेळी मी कुठे होते. पहिलं नातं जुळलं ते नोकरीसाठी पुण्याला एकटी राहायला गेल्यावर दुसऱ्या महिन्यात. तिसरं जुळलं बेंगळुरूला बदली झाल्यावर सहा आठवड्यांत. मधलं इंदुरातच, चार वर्षांच्या ओळखीतून. सारखेपणा असलाच तर तो मोडण्यात नव्हता. तीनांपैकी दोन नात्यांच्या सुरुवातीत होता, नव्या शहरात, कोणी ओळखीचं नसताना. सुरुवातीबद्दल तोवर तिला एकाही ज्योतिषाने विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही प्रश्नात भर मोडण्यावरच होता.

"काका, यालाही ग्रह सापडेल ना?" तिने विचारलं.

सापडला असता. बाराव्या घराचा स्वामी, परगावचा कारक राहू, काहीतरी नक्की सापडलं असतं. मी शोधला नाही.

आई जरा नाराज झाली. तिला तिसऱ्या शांतीची तारीख हवी होती. 29 मार्च 2025 ला शनी मीनेत आलाय, तिथून दहाव्या दृष्टीने पुन्हा धनूकडे बघतोय, हे तिला कोणीतरी सांगितलेलं होतं आणि ते गणित बरोबरही आहे. मी एवढंच म्हटलं की याच नियमाने तो अडीच वर्षं मिथुन, कन्या, वृश्चिक आणि मीन लग्नाच्या सगळ्यांच्याच सप्तमाशी संबंध ठेवून आहे, आणि तुमच्या जिन्यावरच त्यातले दोघे-तिघे निघतील.

येत्या रविवारी कोणी येणार असाल तर दवाखान्याची चिठ्ठी आणा, घड्याळातली वेळ जशी लिहिली असेल तशीच राहू द्या, वजाबाकी मी करीन. आणि तारखांचा कागद घरूनच लिहून आणा, माझ्याकडची पत्रिका उघडण्याआधी. जुळल्याच्या तारखा, मोडल्याच्या तारखा, आणि मधले बरे गेलेले महिनेसुद्धा.