गोळा बुडतो, होडी तरंगते: एका रुपयाने किती पाणी हटवलं?

(दृश्य: घरामागची मोरी. पाण्याने भरलेली बादली. शेजारी राखाडी क्लेचा गोळा आणि स्टीलच्या वाटीत एक रुपयाची नाणी.)

हा क्लेचा गोळा किचनच्या वजनकाट्यावर मोजून घेतलाय, बरोबर १०० ग्रॅम. मुलं खेळायला घेतात ती तेलकट क्ले. शाडूची माती इथे चालत नाही, कारण ती पाणी पिते, दहा मिनिटांत मऊ होते आणि पाणी गढूळ करते.

माझी भाची सहावीत आहे. तिने गोळा बादलीत सोडला आणि तो थेट तळाला गेला. मग तोच गोळा बाहेर काढला, पुसला आणि लाटण्याने पोळीसारखा लाटला. कडा वर वळवून त्याची वाटी केली. तळ नऊ सेंटीमीटर रुंद, काठ चार सेंटीमीटर उंच, जाडी साधारण तीन मिलिमीटर. पाण्यावर ठेवली, तर तरंगली.

काट्यावर परत ठेवून पाहिलं. शंभर ग्रॅमच. क्ले तीच, वजन तेच.

"मामा, आत हवा आहे म्हणून तरंगते," भाची म्हणाली.

हे उत्तर बहुतेक सगळे देतात. ते चूक नाही, पण अर्ध्यावर थांबतं. आतली हवा या होडीला वर ओढत नाही. हवा फक्त जागा भरते, त्या जागेत पाणी येऊ देत नाहीत त्या होडीच्या भिंती. म्हणजे बघायचं ते हवेकडे नाही, हटलेल्या पाण्याकडे. ते मोजायचं कसं?

(दृश्य: बादलीच्या काठाजवळून. पाणी काठाच्या वर किंचित फुगलेलं.)

पुस्तकात सांगतात की भांडं काठोकाठ भरा, वस्तू सोडा आणि सांडलेलं पाणी मोजा. आम्ही बादली काठोकाठ भरली, खाली परात ठेवली आणि गोळा सोडला. परातीत दोन-चार थेंब आले. भाची हिरमुसली. पण कॅमेरा जवळ नेला तर कारण दिसतं. पाणी काठाच्या वर घुमटासारखं फुगून राहतं, लगेच ओघळत नाही. पंचवीस सेंटीमीटर तोंडाच्या बादलीत हा गोळा पाण्याची पातळी जेमतेम एक मिलिमीटर चढवतो, आणि तेवढं पाणी त्या फुगवट्यात सहज मावतं. प्रयोग बरोबर होता, भांडं फार रुंद होतं.

म्हणून मोजमापासाठी ही बरणी घेतली. पारदर्शक, सरळ भिंतींची, आतून बारा सेंटीमीटर रुंद. पाणी अर्ध्यापर्यंत भरलं आणि पातळीवर बारीक चिकटपट्टी लावली. ही पहिली खूण. या बरणीत पाणी एक मिलिमीटर चढलं म्हणजे साधारण ११ मिलिलिटर पाणी हटलं.

क्लेचा आणखी एक गोळा आम्ही मोजून ठेवला होता, तोही शंभर ग्रॅमचा. तो बरणीत सोडला. पाणी पाच मिलिमीटर चढलं. तिथे दुसरी पट्टी लावली आणि गोळा अलगद बाहेर काढला. मग काट्यावर तोललेल्या बाटलीतून बरणीत पाणी ओतत गेलो, दुसऱ्या खुणेपर्यंत. बाटली परत तोलली तर ५५ ग्रॅमने हलकी झालेली. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर. गोळ्याने ५५ मिलिलिटर पाणी हटवलं होतं, स्वतःच्या आकाराइतकं.

आता होडी. पाणी नऊ मिलिमीटरच्या आसपास चढलं. तसंच मोजलं, तर जवळपास १०० मिलिलिटर.

शंभर ग्रॅमची होडी, शंभर ग्रॅम पाणी.

या पद्धतीत पाच-सहा मिलिलिटर इकडेतिकडे होतात. पट्टीची जाडी असते, वस्तू काढताना थोडं पाणी तिला चिकटून बाहेर येतं, आणि डोळा पातळीच्या रेषेत नसेल तर खूण वरखाली लागते. तीनदा मोजलं की भरवसा बसतो.

(दृश्य: पुन्हा बादली. दुधाची रिकामी पिशवी, दोरा.)

पण हटलेल्या पाण्याचा आणि तरंगण्याचा संबंध काय? त्यासाठी अर्ध्या लिटरच्या दुधाची ही धुतलेली पिशवी. ती बादलीत बुडवूनच भरली, आत बुडबुडा राहू दिला नाही, आणि तोंड दोऱ्याने घट्ट बांधलं. दोरा भाचीच्या बोटाला गुंडाळला. पिशवी पाण्याबाहेर उचलली की दोरा बोटात रुततो, अर्धा किलो वजन आहे. हळूहळू पाण्यात सोडली. बघा, दोरा सैल पडला.

पिशवीतलं पाणी हलकं झालं का? नाही. भोवतालच्या पाण्याने ते तोललं. खोल जावं तसा पाण्याचा दाब वाढतो, म्हणून पिशवीच्या खालच्या अंगाला पाणी जितक्या जोराने वर रेटतं, तितक्या जोराने वरच्या अंगाला खाली दाबत नाही. जो फरक उरतो, तो अर्धा लिटर पाणी पेलण्याइतका असतो. बरोबर तेवढाच. नाहीतर बादलीतलं पाणी स्वस्थ राहिलंच नसतं.

आता त्या पिशवीच्या जागी, त्याच आकाराचा दगड आहे असं समजा. बाहेरच्या पाण्याला आत काय आहे याचा पत्ता नसतो. ते त्या जागेला तेवढाच रेटा देतं, अर्ध्या लिटर पाण्याच्या वजनाइतका. दगड त्याहून जड, म्हणून खाली जातो. लाकूड त्याहून हलकं, म्हणून वर येतं.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने मांडलं ते हेच. पदार्थ जेवढं पाणी हटवतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा त्याला खालून मिळतो.

आमच्या गोळ्याने ५५ मिलिलिटर पाणी हटवलं, म्हणून त्याला ५५ ग्रॅमचा आधार मिळाला. वजन शंभर, आधार पंचावन्न. बुडाला. होडी पाण्यात टेकली, खाली जाऊ लागली आणि जाता जाता पाणी हटवत राहिली. ज्या क्षणी १०० मिलिलिटर झालं, त्या क्षणी थांबली. तिचा तळ तेव्हा पृष्ठभागाच्या खाली दीड सेंटीमीटरहून थोडा जास्त होता. काठ अजून कोरडा होता.

(दृश्य: होडीत एकेक नाणं ठेवणारा हात.)

आता नाणी. २०११ पासूनच्या मालिकेतला एक रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे. त्यानंतर आलेला छोटा रुपया याहून हलका आहे, म्हणून दोन्ही मिसळायचे नाहीत.

एक नाणं ठेवलं की होडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त खाली जाते. डोळ्यांना कळत नाही. दहा नाण्यांनी सहा मिलिमीटर जाते, ते दिसतं. उरलेला काठ मोजला तर हिशेबाने चाळीस नाणी मावायला हवीत. पहिल्या खेपेला होडी अठराव्या नाण्याला बुडाली.

पुन्हा होडी केली आणि कॅमेरा काठाच्या रेषेत लावला. घोळ कळला. काठ एका जागी बोटभर रुंदीत दबलेला होता, आणि नाणी नेमकी त्याच बाजूला साचली होती. होडी कलली आणि पाणी तिथून आत शिरलं. होडी किती भार नेईल हे तिच्या सगळ्यात खालच्या काठावर ठरतं. दुसरी अडचण क्लेची. हाताच्या उबेने ती नरम पडते आणि भिंती बाहेर झुकतात. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की आकार धरते. तळ बोटाने चाचपून बारीक चिरा बुजवायच्या. नाणी मधोमध, तळभर पसरून, भाचीने मोठ्या जपणुकीने ठेवली. या खेपेला सदतीस झाली, आणि सदतिसाव्यालाही होडी वर होती. अडतिसाव्याला गेली.

(दृश्य: बरणी. होडीत वीस नाणी.)

होडी पुसून घेतली आणि बरणीत ठेवली. आत वीसच नाणी, म्हणजे ७६ ग्रॅम, होडी धरून १७६. पाणी पहिल्या खुणेच्या वर साडेपंधरा मिलिमीटर. तिथे लाल पट्टी लावली.

आता नाणी होडीतून काढून याच बरणीच्या पाण्यात टाकायची. होडी तरंगतीच राहील. लाल पट्टीपासून पाणी वर जाईल, खाली येईल, की तिथेच राहील?

भाची म्हणाली, "वर जाईल ना मामा, नाणी पाण्यात पडली की." घरात सात जणांना विचारलं. चौघे म्हणाले वर, तिघे म्हणाले तिथेच.

(दृश्य: चिमट्याने एकेक नाणं काढून पाण्यात सोडलं जातं. निवेदन थांबतं. नाण्यांचा आवाज.)

पाणी खाली आलं. साडेपाच-सहा मिलिमीटरने.

नाणं होडीत होतं तेव्हा ते तरंगत्या होडीचा भाग होतं. स्वतःच्या वजनाइतकं पाणी ते हटवत होतं, जवळपास पावणेचार मिलिलिटर. तळाला पडलं तेव्हा मात्र ते फक्त स्वतःच्या आकाराइतकं पाणी हटवतं, आणि स्टीलचं ते नाणं एवढं दाट आहे की त्याचा आकार जेमतेम अर्धा मिलिलिटर. वीस नाणी होडीत होती तेव्हा त्यांनी ७६ मिलिलिटर हटवलं होतं, तळाला गेल्यावर दहा. मधले ६६ मिलिलिटर पाणी त्यांनी सोडलेल्या जागेत परत गेलं.

भाचीने बरणीला नाक लावून लाल पट्टीखालची ती मोकळी जागा पाहिली. मग विचारलं, "आणि होडी पण बुडवली तर?"

"तूच सांग."

तिने बोटांवर हिशेब केला. होडी तरंगते तेव्हा शंभर. बुडाली की गोळ्याइतकीच, पंचावन्न. नाण्यांचे दहा. "पासष्ट. अजून खाली जाईल."

तिने होडीचा काठ बोटाने दाबला. पाणी आत शिरलं आणि होडी हेलकावत नाण्यांवर जाऊन बसली. पाणी आणखी चार मिलिमीटर उतरलं आणि पहिल्या खुणेच्या सहा मिलिमीटर वर थांबलं.

(दृश्य: बरणी बाजूने. तळाला होडी आणि नाणी, वर लाल पट्टी.)