सहा नंबर आणि दहा नंबर

श्रोतेहो, नमस्कार. माझं तालुक्याच्या गावी चपला-बुटांचं दुकान आहे. फेब्रुवारी लागला की आमच्याकडे दोन दिवस अर्धं शटर खाली असतं आणि माळ्यावरचे डबे खाली उतरतात. मार्चअखेरचा हिशोब हे निमित्त असतं, पण खरं काम असतं ते पडून राहिलेल्या मालाचा निकाल लावण्याचं. आज त्याबद्दल बोलतो. उदाहरणं माझ्या दुकानातली, म्हणजे बुटांची आहेत. कापड दुकानदाराने नंबराच्या जागी मीटरचे उरलेले तुकडे धरावेत.

पहिली चूक बहुतेक जण इथेच करतात की माल कधी आणला ते बघतात. मी शेवटची जोडी कधी विकली गेली ते बघतो. जुलैत आणलेले शाळेचे काळे बूट फेब्रुवारीत धूळ खात असले तरी तो मेलेला माल नव्हे, शाळा जूनमध्ये उघडतात. पावसाळी प्लॅस्टिकच्या सँडलचंही तेच. अशा मालाला सेल लावणं म्हणजे जूनमध्ये पूर्ण भावाने येणाऱ्या गिऱ्हाइकाला फेब्रुवारीत सवलत वाटणं. त्यामुळे ज्या मालाचा हंगाम आहे तो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघायचा. एक पूर्ण हंगाम येऊन गेला आणि तरी तो हलला नाही, तर मग तो पडून राहिलेला म्हणायचा.

आमच्या धंद्यात डिझाइन सहसा एकदम मरत नाही. आधी सेट फुटतो, म्हणजे चालते नंबर संपतात आणि न चालणारे उरतात. मागच्याच आवराआवरीत सापडलेला एक लॉट सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये, लग्नसराईच्या तोंडावर, मी टॅन रंगाच्या लोफरचे तीन कार्टन घेतले होते. कार्टनमध्ये बारा जोड्या: सहा नंबरच्या दोन, सातच्या तीन, आठच्या तीन, नऊच्या दोन, दहाच्या दोन. घाऊक व्यापारी सेट फोडून देत नाही, घ्यायचं तर सगळं घ्यायचं. ५९९ ला विकत होतो. छत्तीस जोड्यांतल्या तेवीस गेल्या. मान्य करतो की मी खूश होतो, कारण वहीत दिसत होतं, दोन तृतीयांश माल संपला.

डबे उघडल्यावर कळलं की आठ आणि नऊ नंबर केव्हाच संपलेत. उरल्या त्या सहाच्या सहा जोड्या, दहाच्या सहा जोड्या आणि सातची एक. म्हणजे डिझाइन चांगलं होतं, मागणी होती, पण गेले दहा महिने गिऱ्हाईक बूट हातात घ्यायचं, आठ नंबर मागायचं आणि ठेवून जायचं. रॅकवर जागा अडली होती आणि माझा माणूस रोज चार वेळा 'नाही शेठ, नंबर संपलाय' म्हणत होता.

आणि ती सातची एक जोडी! आम्ही काचेत एकच पाय लावतो, दुसरा डब्यात. वर्षभर उन्हात बसून डावा पाय बिस्किटाच्या रंगाचा झालेला, उजवा डब्यात तसाच गडद. दोन्ही शेजारी ठेवले तर वेगवेगळ्या दुकानातले वाटावेत. काचेतला पाय दर महिन्याला बदलायचा हे मला माहीत आहे. तरी बदलला नव्हता.

आता या तेरा जोड्यांचं काय करायचं? पहिला विचार परत पाठवण्याचा. आमचा माल मुंबईच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतून येतो, काही आग्र्याहून. ऑर्डर घेताना एजंट हमखास म्हणतो, 'नाही चालला तर बदलून देऊ.' यातला न बोललेला भाग असा की माल त्याच हंगामात, मूळ डब्यात आणि शक्यतो पूर्ण सेटमध्ये यायला हवा, आणि पैसे नाही तर दुसरा माल मिळेल. फुटलेला सेट तो का घेईल? त्यालाही सहा आणि दहा नंबर तसेच नको आहेत. म्हणून परतीचा निर्णय पहिल्या दोन महिन्यांत घ्यावा लागतो, जेव्हा एखादा न उघडलेला कार्टन तसाच शिल्लक असतो. बोलायची वेळही ठरलेली आहे: नवी ऑर्डर लिहायच्या आधी. ऑर्डर लिहून झाली की आपलं वजन गेलं.

शिवाय जीएसटीची एक तारीख आहे. माल परत गेला की व्यापारी कर कमी करणारी क्रेडिट नोट देतो, पण ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच. माझी खरेदी २०२४-२५ मधली, म्हणजे मुदत ३० नोव्हेंबर २०२५. मी डबे उघडले फेब्रुवारीत. मुदतीनंतर व्यापारी माल घेईलही, पण त्याने भरलेला कर त्याला कमी करून घेता येत नाही, मग तो घासाघीस करणारच. मी फोनसुद्धा केला नाही.

राहिली सवलत. इथे मन अडतं ते खरेदीच्या किमतीपाशी. जोडी मला चारशेला पडली, कर वेगळा. 'चारशेच्या खाली कशी देऊ?' असं माझे अण्णा म्हणायचे आणि म्हणून त्यांच्या काळातले काही डबे अजून माळ्यावर होते. पण ते चारशे तर व्यापाऱ्याच्या खिशात गेले. आता प्रश्न एवढाच की ही जोडी आज किती आणेल आणि त्या पैशांचं मी काय करीन.

हिशोब मांडून बघितला. सातची जोडी बाजूला ठेवली, उरल्या बारा. त्यांची खरेदी ४,८०० रुपये. साडेतीनशेला विकल्या तर करासह ४,२०० येतात. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के कर आहे, तो वजा जाता हातात बरोबर ४,०००. म्हणजे आठशेचं नुकसान. आता या चार हजारांत चारशेच्याच भावाने शाळेच्या काळ्या बुटांच्या दहा जोड्या येतात, त्या जूनमध्ये हातोहात जातात आणि जोडीमागे साधारण एकशेवीस सुटतात. बाराशे झाले. आठशेचा खड्डा एका हंगामात भरून वर चारशे. आणि लोफर ठेवून दिले असते तर? सहा आणि दहा नंबरची गिऱ्हाइकं गावात आहेत किती!

मग सवलत किती हा प्रश्न. दहा टक्के, पुढच्या महिन्यात वीस, मग तीस, असं करू नका. नेहमीचं गिऱ्हाईक हुशार असतं, ते थांबतं. एकदाच कापायचं, पण असं की माल जायलाच हवा. दुसरं, फुटलेला सेट डिझाइनच्या रॅकवर ठेवून जात नाही. आम्ही दारात टेबल टाकलं आणि नंबराप्रमाणे दोन ढीग लावले. इतर फुटलेल्या सेटमधलेही सहा आणि दहा त्यातच. वर पुठ्ठ्यावर लिहिलं: 'फक्त ६ आणि १० नंबर, कोणतीही जोडी ३५०.' दहा नंबरच्या माणसाला आयुष्यभर दुकानदारांनी 'तुमचा नंबर नाही' एवढंच ऐकवलेलं असतं. त्याला पहिल्यांदाच निवडायला पंधरा जोड्या मिळाल्या. एक पोलीस दादा आले, दोन जोड्या घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला पाठवलं. विकणाऱ्या माणसाला जोडीमागे वीस रुपये ठेवले होते, तेही कामी आले.

पण सगळंच टेबलावर मांडायचं नसतं. माळ्यावर २०२२ सालच्या सँडलच्या नऊ जोड्या निघाल्या, पीयू म्हणजे पॉलीयुरेथेनच्या सोलच्या. वरून नव्या कोऱ्या, कागदसुद्धा निघालेला नाही. मी अंगठ्याचं नख सोलमध्ये दाबलं, तर ते शिळ्या नानकटाईसारखं आत गेलं आणि बोटाला चिकट भुगा लागला. पीयूच्या बऱ्याच सोलचं असं होतं: हवेतला दमटपणा त्याला आतून फोडत जातो आणि जोडी न वापरताही काही वर्षांत सोल संपतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे त्याला आमंत्रणच. टीपीआर या रबरासारख्या प्लॅस्टिकच्या किंवा रबराच्या सोलला हा रोग नाही, म्हणून लोफर ठणठणीत होते. शंका आली तर सोल दोन्ही हातांनी वाकवायचा. बारीक चिरा उमटल्या किंवा भुगा पडला तर ती जोडी शंभर रुपयांनासुद्धा विकायची नाही. गिऱ्हाईक शंभर रुपये विसरेल, पण भर लग्नात सोल निसटल्याचं विसरणार नाही.

अशा जोड्या खतावणीतून काढून टाकायच्या. इथे कराचा एक भाग नीट समजून घ्या. माल निर्लेखित केला, नष्ट केला किंवा भेट म्हणून दिला, तर त्याच्या खरेदीवर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीच्या वेळी दिलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं. माझ्या नऊ जोड्या साडेतीनशेच्या, म्हणजे ३,१५०. तेव्हा कर १२ टक्के होता, म्हणून ३७८ रुपये परत भरले. याउलट चांगल्या स्थितीतला माल तोटा सोसून विकला, तर क्रेडिट परत करावं लागत नाही, मिळालेल्या किमतीवर कर भरला की झालं. वसतिगृहाच्या मुलांना जोड्या फुकट द्यायच्या मनात असेल तर कराच्या दृष्टीने ती भेट ठरते. त्यापेक्षा पन्नास रुपयांचं रीतसर बिल करून द्या. 'एकावर एक मोफत' मात्र भेटीत धरत नाहीत, एका किमतीत दोन वस्तू विकल्या असं धरतात.

काढून टाकलेल्या मालाची यादी करा: डिझाइन, नंबर, जोड्या, बिलाची तारीख, कारण. फोटो काढा आणि ३१ मार्चच्या आत करसल्लागाराकडे द्या. जो माल अजून आहे पण उतरत्या भावाने जाणार आहे, त्याची शिल्लकही खरेदीची किंमत किंवा विकून हातात पडणारी रक्कम, यातली जी कमी ती धरून लावता येते. खराब जोड्या कचऱ्यात टाकण्याआधी आम्ही कात्रीने पट्टे कापतो. पूर्वी एकदा तशाच टाकल्या होत्या. आठ दिवसांनी एक बाई त्यातलीच जोडी बदलून मागायला आली, म्हणाली, आठवडी बाजारात घेतली, पण डबा तुमच्याच दुकानाचा आहे.

दोन आठवडी बाजारांत लोफरच्या बारातल्या दहा जोड्या गेल्या. दोन सहा नंबरच्या अजून टेबलावर आहेत. दोन रंगांची ती सातची जोडी आमच्याच माणसाने, दोष बघून, दीडशेला घेतली. घरी जाऊन दोन्ही पायांना काळं पॉलिश मारलं आणि आता तीच घालून दुकानात येतो. आणि मी नव्या प्रत्येक डब्यावर खरेदीचा महिना मार्करने लिहायला लागलोय, डब्याच्या त्या बाजूला जी रॅकवर समोर दिसते. नमस्कार.