वजन उतरत असताना जिममधली चाळीस मिनिटं

नमस्कार मंडळी. आजचा विषय मी मुद्दाम लहान ठेवला आहे. तुमचं खाणं आटोक्यात आहे, आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरतंय आणि आठवड्यातले तीन दिवस जिमसाठी ४० मिनिटं मिळतात. या ४० मिनिटांत कोणता व्यायाम आधी करायचा, दोन सेटमध्ये किती थांबायचं आणि वजन किती वेगानं खाली-वर न्यायचं, एवढंच आपण बोलणार आहोत.

त्याआधी ही ४० मिनिटं कशासाठी आहेत ते ठरवू. चरबी उतरते ती खाण्यातल्या तुटीमुळे. तूट असली की शरीर चरबीबरोबर थोडा स्नायूही खर्चात टाकतं, आणि ज्या स्नायूला नियमित जड काम पडतं तो पुष्कळ प्रमाणात टिकतो. वजनं उचलायची ती त्यासाठी. ८० किलोचा माणूस ४० मिनिटं नेटानं वजनं उचलतो तेव्हा अडीचशेच्या आसपास किलोकॅलरी खर्च होतात. विश्रांती निम्मी करून, धापा टाकत तोच व्यायाम केला तर खर्च फार तर एका पोळीइतका वाढेल. पण त्या पायी स्क्वॉटचं वजन ६० किलोवरून ४५ वर आणावं लागतं, आणि स्नायू राखण्याचं कारणच तिथे कमी होतं. घाम किती आला यावरून आजचा व्यायाम कसा झाला ते ठरवू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता विश्रांती. जड सेट करताना स्नायूतला फॉस्फोक्रिएटिन नावाचा झटपट इंधनाचा साठा संपत येतो. अर्ध्या-एक मिनिटात त्यातला निम्मा भरून येतो, जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. ब्रॅड शोएनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आधीपासून व्यायाम करणाऱ्या पुरुषांचे दोन गट घेतले. एक गट सेटनंतर एक मिनिट थांबायचा, दुसरा तीन मिनिटं. आठ आठवड्यांनी तीन मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद जास्त वाढली होती, आणि मांडीच्या स्नायूची जाडीही. कारण सरळ आहे: थकवा उतरला की पुढच्या सेटलाही तेच वजन तितक्याच वेळा उचलता येतं.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक सेटनंतर तीन मिनिटं थांबलो तर ४० मिनिटांत होणार काय? पण विश्रांती हवी असते त्या स्नायूला. छातीचा सेट संपल्यावर छातीला अडीच मिनिटं हवीत. त्या वेळात पाठ काम करू शकते. समोरासमोरच्या दोन स्नायूंची अशी जोडी लावायची.

हिशेब मांडून बघू. डंबेल प्रेसचा १० रेप्सचा सेट साधारण ३० सेकंदांचा. मग एक मिनिट थांबा. मग एका हाताचं रोइंग न करता, बेंच तिरकं करून त्यावर छाती टेकवून दोन्ही हातांनी रोइंग करा, तेही ३० सेकंद. पुन्हा एक मिनिट. तीन मिनिटांत एक फेरी, तीन फेऱ्यांना नऊ मिनिटं. छातीला प्रत्येक वेळी एक मिनिट, अधिक रोइंगचा अर्धा मिनिट, अधिक पुन्हा एक मिनिट, अशी अडीच मिनिटं मिळाली. हेच सहा सेट आधी सगळे प्रेस, मग सगळे रोइंग असे अडीच-अडीच मिनिटं थांबून केले असते तर १४-१५ मिनिटं गेली असती. पाच-सहा मिनिटं वाचली, आणि वजनात काही कमी करावं लागलं नाही.

एक हातानं रोइंग नको म्हणालो, कारण त्याला दोन्ही बाजू मिळून दुप्पट वेळ लागतो. आणि छाती टेकवायची ती कंबर मोकळी राहावी म्हणून. कंबरेचं काम पुढे यायचं आहे.

आता पूर्ण सत्र बांधू. समजा ४२ वर्षांचा, ८४ किलोचा माणूस आहे, वर्षभर व्यायाम करतोय, ६० किलोचा स्क्वॉट आठ वेळा मारतो. पहिली चार मिनिटं अंग गरम करण्याची: मोकळ्या बारनं आठ, ४० किलोनं पाच, ५० किलोनं तीन. ट्रेडमिलवर वेगळी दहा मिनिटं घालवायची गरज नाही, हलके स्क्वॉट हेच स्क्वॉटसाठी अंग तयार करतात. मग ६० किलोचे तीन सेट, मध्ये तीन-तीन मिनिटं, आणि शेवटच्या सेटनंतर श्वास खाली येईपर्यंत थोडं थांबणं. प्लेट्स काढून ठेवण्यासह इथपर्यंत १५ मिनिटं होतात. स्क्वॉटची जोडी कशाशीही लावायची नाही. त्यात पाय, कंबर आणि दम तिन्ही एकदम लागतात, आणि तुटीत असताना त्यावर आणखी काही चढवलं की चक्कर किंवा मळमळ येते.

१५ ते २५ मिनिटांत बेंच लावून प्रेस आणि रोइंगची ती जोडी. त्यानंतर ११ मिनिटांत दुसरी जोडी: डंबेल घेऊन रोमानियन डेडलिफ्ट, आणि त्याच बेंचवर बसून शोल्डर प्रेस. डेडलिफ्टची जोडी लॅट पुलडाऊनशी लावू नका. दोन्हींत मूठ आवळून धरावी लागते, आणि मांडीची मागची बाजू थकायच्या आत पकड सुटते. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट यांच्यात दहा मिनिटं गेलेली असल्यानं कंबरेलाही उसंत मिळालेली असते. उरलेली चार मिनिटं प्लँक किंवा दंडांच्या एखाद्या व्यायामाला. तिथे विश्रांती कमी केली तरी बिघडत नाही, कारण त्या व्यायामात फार जड वजन नसतंच. दुसऱ्या दिवशी स्क्वॉटच्या जागी लेग प्रेस आणि शोल्डर प्रेसच्या जागी लॅट पुलडाऊन येऊ शकतं. त्या दिवशी डेडलिफ्टऐवजी लेग कर्ल घ्या.

क्रमाबद्दल संशोधनात एक गोष्ट वारंवार दिसते: जो व्यायाम आधी होतो त्याची ताकद जास्त सुधारते. स्नायूच्या आकारावर क्रमाचा फरक फारसा पडत नाही. म्हणून ज्याला जास्त कौशल्य आणि जास्त वजन लागतं तो पहिला. पण संध्याकाळी साडेसातला आपल्याकडच्या जिममध्ये एकच रॅक आणि त्यापुढे चार जण, ही स्थिती मला माहीत आहे. अशा वेळी वाट बघत बसू नका, प्रेस-रोइंगची जोडी आधी करा. फक्त व्यायामाच्या नोंदी ठेवता त्या वहीत त्या दिवशीच्या स्क्वॉटपुढे ‘जोडीनंतर’ असं लिहा. त्या दिवशी आठऐवजी सातच झाले तर स्नायू गेला असा अर्थ नाही, क्रम बदलला होता. याच कारणानं गर्दीच्या वेळी दोन मशीन अडवून जोडी लावू नका. दुसऱ्या मशीनवर कुणी बसलं की एका मिनिटाची विश्रांती पाच मिनिटांची होते आणि सगळा हिशेब मोडतो. एक बेंच आणि डंबेलचे एक-दोन जोड, एवढ्यावर भागतील असेच व्यायाम निवडा.

वेगाबद्दल बरेच गैरसमज आहेत. वेग चार आकड्यांत लिहितात. ३-०-१-० म्हणजे तीन सेकंदांत खाली, तळाशी थांबा नाही, एका सेकंदात वर, वर थांबा नाही. एक रेप अर्ध्या सेकंदात संपवा की आठ सेकंदांत, सेट थकव्याच्या जवळ नेला तर स्नायूची वाढ साधारण सारखीच होते, असं २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं. फार संथ, दहा सेकंदांची रेप मात्र कमी पडते असं वाटतं, कारण वजन खूप उतरवावं लागतं. ४० मिनिटांत दोन-तीन सेकंद खाली आणि मग जोर लावून वर, एवढं पुरे. संथ वेगाचा खरा उपयोग सोसायटीच्या जिममध्ये, जिथे डंबेल १५ किलोवर संपतात. तिथे खाली यायला चार सेकंद आणि तळाशी एक सेकंद थांबा दिला की तेच १५ किलो पुन्हा जड वाटायला लागतात.

पण वेग मी दुसऱ्या कारणासाठी धरून ठेवायला सांगतो. पथ्याच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात अंगात दम कमी असतो. नकळत माणूस स्क्वॉटमध्ये चार बोटं वरच थांबतो, बार झपकन खाली सोडतो आणि उसळी घेऊन वर येतो. वहीत ६० किलो, आठ रेप्स हेच लिहिलेलं असतं, पण ते मागच्या महिन्यातले आठ नसतात. वेग, विश्रांती आणि क्रम तसेच ठेवले तरच वहीतला आकडा खरं सांगतो. वजनकाटा स्नायू आणि चरबी वेगळी दाखवत नाही. रोज हाताशी असलेली खूण ही वहीच. महिन्यातून एकदा फोन बाजूला टेकवून तिसऱ्या सेटचं चित्रण करा आणि मागच्या महिन्याच्या चित्रणाशी ताडून बघा.

वही वाचायची कशी? एका दिवसात १०, ९, ८ अशी घसरण ठीक आहे. १०, ७, ५ झालं तर एक तर पहिला सेट पार दमेपर्यंत नेला, किंवा विश्रांती कमी पडली. पहिल्या सेटला दोन रेप्स शिल्लक ठेवा, तरी तसंच झालं तर ३० सेकंद वाढवा. सेट थांबला तो कशामुळे, हेही स्वतःला विचारा. श्वास लागला म्हणून थांबलात आणि १५ सेकंदांत आणखी तीन निघाले असते, तर स्नायूचं काम पूर्ण झालेलंच नाही. त्या माणसाचं वजन आठ आठवड्यांत ८४ वरून ८० झालं आणि स्क्वॉट ६० किलोला आठ, आठ, सात असाच राहिला, तर मी त्याला काहीही बदलायला सांगणार नाही. पुल-अप्सवर मात्र विसंबू नका. शरीर चार किलोंनी हलकं झाल्यावर एखादी पुल-अप आपोआप वाढते.

सलग दोन आठवडे सगळेच व्यायाम घसरले तर? आधी झोप आणि प्रथिनं बघा, शरीराच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅम. तीही ठीक असतील तर तूट जास्त झाली आहे, खाणं थोडं वाढवा. जिममध्ये काही कमी करायचंच असेल तर सेट कमी करा, वजन नको. २०११ च्या एका अभ्यासात तरुणांनी कमावलेला स्नायू पूर्वीच्या एक-नवमांश सेटवर कित्येक महिने टिकला, उचलायचं वजन तेच ठेवलं होतं. साठीच्या पुढच्यांना मात्र तेवढं पुरलं नाही. ते खाण्यात तूट नसतानाचं आहे, म्हणून इतकं खाली जाऊ नका. तीनचे दोन सेट करा.

श्रोत्यांतून प्रश्न आला आहे: ट्रेडमिल कधी? आधी नको, पाय दमले की स्क्वॉट पडतो. चालणं जिमबाहेर ठेवा, जेवणानंतर, स्टेशनपर्यंत, फोनवर बोलताना. दोन सेटमध्ये बर्पी किंवा दोरीच्या उड्याही नकोत, त्या एका मिनिटात श्वास खाली यायला हवा. रक्तदाबाची गोळी सुरू असणाऱ्यांनी जोड्या लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि उचलताना श्वास कोंडू नये. आणि एखाद्या दिवशी २५ मिनिटंच मिळाली, तर दुसरी जोडी आणि शेवटची चार मिनिटं सोडा आणि स्क्वॉटची तीन मिनिटांची विश्रांती तशीच ठेवा.