कार्बन–ऑक्सिजन बंधाला धक्का न लावता

(दृश्य: बर्फाच्या पात्रात बुडवलेला फ्लास्क)

फ्लास्कमध्ये कोरडं पिरिडीन आहे आणि त्यात विरघळवलेलं 1-फिनाइल-2-प्रोपॅनॉल. तापमान शून्याजवळ. आता त्यात टोसिल क्लोराइड या सल्फर असलेल्या संयुगाची पांढरी पूड थोडी थोडी पडते आहे. अल्कोहोलपेक्षा ती किंचित जास्तच घेतात.

अल्कोहोलच्या OH च्या जागी दुसरा गट बसवायचा आहे, पण OH आपणहून निघत नाही, कारण हायड्रॉक्साइड फार तीव्र बेस आहे. त्याला हुसकावण्याचा जुना उपाय म्हणजे तीव्र आम्ल: OH वर प्रोटॉन बसवायचा आणि त्याला पाणी म्हणून जाऊ द्यायचं. पण ते पाणी अनेकदा मागे कार्बोकॅटायन, म्हणजे धनभारित कार्बन, सोडून जातं. तो सपाट असतो, त्यामुळे येणारा गट दोन्ही बाजूंनी बसू शकतो. या रेणूत तर शेजारचा हायड्राइडही सरकतो आणि नवा गट भलत्याच कार्बनवर जाऊन बसतो. एका प्रोटॉनपायी एवढी मोडतोड!

(दृश्य: फ्लास्कमध्ये वाढत जाणारे पांढरे स्फटिक, जवळून)

या सुया पिरिडिनियम क्लोराइडच्या. सुटलेलं HCl पिरिडीननं बांधून टाकल्याची ही खूण. इथे हल्ला अल्कोहोलचा ऑक्सिजन करतो, टोसिल क्लोराइडच्या सल्फरवर, आणि OH चा टोसिलेट गट होतो. कार्बन आणि ऑक्सिजनमधला बंध जागचा हलत नाही, म्हणून कार्बनची मांडणीही होती तशीच राहते. टोसिलेटचा ऋणभार मात्र तीन ऑक्सिजनांवर वाटला जातो, म्हणून तो सहज निघू शकतो.

फ्लास्क रात्रभर थंडच ठेवायचा. ऊब मिळाली तर मोकळं क्लोराइड टोसिलेटवर मागून हल्ला करतं आणि नको असलेलं अल्किल क्लोराइड मिळतं. दुसऱ्या दिवशी बर्फ-पाणी, ईथर, आणि पिरिडीन काढायला थंड सौम्य आम्लाची धुणी.

(दृश्य: पोलॅरिमीटरची नळी, पिवळा सोडियम प्रकाश)

रसायनशास्त्रज्ञ हेन्री फिलिप्स यांनी 1923 मध्ये याच अल्कोहोलवर केलेलं मोजमाप पाहण्यासारखं आहे. सुरुवातीच्या अल्कोहोलचा विशिष्ट भ्रमणांक, म्हणजे ध्रुवित प्रकाश ते किती आणि कुठल्या बाजूला फिरवतं याचं माप, होता +33. टोसिलेटचा +31. त्यावर अ‍ॅसिटेट आयनाची क्रिया केल्यावर मिळालेल्या एस्टरचा उणे 7. त्या एस्टरच्या जलविघटनातून पुन्हा तेच अल्कोहोल आलं, पण भ्रमणांक उणे 33 च्या आसपास. मूळ अल्कोहोलपासून सरळ केलेला अ‍ॅसिटेट एस्टर मात्र +7 दाखवतो.

आकडा जवळपास तेवढाच, चिन्ह उलटं. म्हणजे रेणू जवळजवळ सगळेच उलटले, सरमिसळ झाली नाही. टोसिलेट बनताना आणि एस्टरच्या जलविघटनात कार्बन–ऑक्सिजन बंध तुटतच नाही. तो तुटतो फक्त अ‍ॅसिटेट मागून येतो तेव्हा. उलटापालट तिथेच, आणि एकदाच.

(दृश्य: प्लेटवरचे टीएलसीचे ठिपके)

ज्या औषधांत रेणूच्या दोन आरसा-प्रतिमांपैकी एकच उपयोगी पडते, तिथे याचं मोल. पण तृतीयक अल्कोहोलवर ही युक्ती सहसा चालत नाही, आणि द्वितीयक टोसिलेटला तीव्र बेस भेटला तर प्रतिस्थापनाऐवजी अल्कीन मिळतं.